चाकण ते लोणीकंद: ट्रान्सफॉर्मरच्या शेवटच्या 45 किलोमीटरची तयारी

ओडीसीच्या, म्हणजे नेहमीच्या मापात न बसणारा अवजड माल नेण्याच्या कामात नवीन आलेली मुलं पहिला प्रश्न विचारतात की परमिशन कुठून काढायची. परमिशन नंतर. आधी तुमच्या गाडीवर माल चढल्यावर ती नक्की किती उंच, किती रुंद, किती लांब आणि किती जड होणार हे कागदावर मांडा, कारण पुढचं सगळं, सर्व्हे काय, अर्ज काय, पोलिसांचं पत्र काय, याच चार आकड्यांवर उभं राहतं आणि आकडा चुकला की सगळं परत करायला लागतं.

मी इथे एकच केस घेतो. गुजरातच्या कारखान्यातून निघालेला 220 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर नाशिकमार्गे चाकणपर्यंत आलाय आणि तिथून शिक्रापूर करून लोणीकंद भागातल्या सबस्टेशनला न्यायचाय. अंतर साधारण 45 किलोमीटर. एवढ्याशा अंतरात चौकातली वळणं आहेत, नदीचे पूल आहेत, एमआयडीसीची ट्रॅफिक आहे आणि हद्दी तीन पोलिसांच्या आहेत, त्यामुळे शिकायला हा तुकडा चांगला.

आधी चार आकडे

ट्रान्सफॉर्मर पूर्ण जोडलेला कधीच येत नाही. तेल काढलेलं असतं, बुशिंग, रेडिएटर, कन्झर्व्हेटर वेगळ्या गाड्यांवर येतं आणि मुख्य टाकी कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून बंद करून येते. कारखान्याकडून ट्रान्सपोर्ट ड्रॉइंग मागा, जनरल ड्रॉइंग नको, त्यात फिटिंगसकटची मापं असतात आणि नवीन माणूस तीच धरून बसतो. आपल्या केसमध्ये टाकी 7.4 मीटर लांब, 3.3 रुंद, 4.1 उंच, वजन 98 टन.

आता ही 10 रो च्या, म्हणजे चाकांच्या दहा आडव्या रांगांच्या हायड्रॉलिक एक्सलवर ठेवायची. एका रो चं स्वतःचं वजन सव्वाचार टनाच्या आसपास असतं, आपण 4.2 धरू, म्हणजे ट्रेलर 42 टन, खालचे बीम आणि लॅशिंगचं, म्हणजे माल बांधायचं सामान 2 टन, एकूण 142. दहा रो मध्ये वाटलं की एका रो वर 14.2 टन. हायड्रॉलिक ट्रेलरला एका रो वर 18 टनापर्यंतची मर्यादा धरतात, तर आपण आत आहोत. ट्रेलर ओढणारा पुलर वेगळा, तो यात धरलेला नाही.

उंची बघा. ट्रेलरचा डेक चालताना जमिनीपासून 1.2 मीटर, वर 10 सेंटीमीटरचे बीम, वर 4.1 ची टाकी, झाले 5.4 मीटर. हायड्रॉलिक खाली सोडून आणखी 25 सेंटीमीटर मिळतात, म्हणजे अडचणीच्या जागी 5.15 पर्यंत येता येतं, पण डेक खाली घेतल्यावर स्पीड ब्रेकर पोटाला लागायची भीती असते, म्हणून ते फक्त पुलाखालून वगैरे चालत्या माणसाच्या वेगाने करायचं, सगळ्या रस्त्याभर नाही. हे 5.4 आणि 5.15 दोन्ही आकडे सर्व्हेच्या कागदाच्या वरच लिहा.

सर्व्हे: गाडीतून बघायचा नाही, उतरून मोजायचा

पूर्वी सर्व्हे म्हणजे एक माणूस कारमधून जायचा आणि रस्ता ओके म्हणून यायचा. आता जरी कोणी असं करत असेल तरी तुम्ही करू नका. एक वही किंवा शीट, त्यात चाकणच्या चौकापासून किलोमीटर, जागेचं नाव, अडथळा काय, मोजलेलं माप, तो अडथळा कोणाच्या मालकीचा आणि त्याचं काय करायचं, एवढे रकाने आणि प्रत्येक नोंदीला फोटो. मालकीचा रकाना नवीन लोक रिकामा ठेवतात आणि नंतर तिथेच अडकतात, कारण वायर महावितरणची, केबल इंटरनेटवाल्याची, कमान गावाच्या मंडळाची, फांदी ग्रामपंचायतीच्या झाडाची, आणि प्रत्येकाला वेगळं पत्र लागतं.

वायरीचं आधी सांगतो कारण यात जीव जातो. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची स्टाफ, म्हणजे मोजायची काठी, वर करून विजेच्या तारेची उंची मोजायची नाही, कधीच नाही, लांबून अल्ट्रासॉनिक केबल हाइट मीटरने किंवा लेझरने मोजा. रस्ता ओलांडणाऱ्या तारेची किमान उंची नियमाप्रमाणे लो टेन्शनला 5.8 मीटर आणि 11 केव्हीला 6.1 मीटर लागते. म्हणजे तार अगदी नियमात असली तरी आपल्या 5.4 च्या डोक्यावर एलटी फक्त 40 सेंटीमीटर आणि 11 केव्ही 70 सेंटीमीटर राहते, आणि ट्रेलर खड्ड्यात हलतो. त्यामुळे नियमात आहे म्हणून सोडून द्यायचं नाही, रस्ता ओलांडणारी प्रत्येक तार यादीत घ्यायची, ती यादी महावितरणच्या त्या त्या सबडिव्हिजनला द्यायची आणि कुठे शटडाऊन लागेल ते त्यांच्याबरोबर बसून ठरवायचं. तार उचलणं, सोडणं त्यांच्याच लोकांनी करायचं. आपला वायरमन फक्त टीव्हीच्या आणि फायबरच्या केबली उचलेल.

अजून एक, तारेची उंची दिवसाप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलते. ऊन वाढलं की तार लांबते आणि झोळ खाली येतो. माझ्या एका कामात सर्व्हे जानेवारीत सकाळी केलेला होता आणि गाडी निघाली मे महिन्यात, शटडाऊनच्या यादीत एक 11 केव्हीची तार घेतलेलीच नव्हती कारण तेव्हा ती चांगली उंच दिसली होती. पुढच्या पायलट गाडीवरचा उंचीचा दांडा तिच्या फारच जवळ गेला म्हणून गाडी थांबवली, रात्री दीडला शटडाऊन कोण देणार, मग सगळा लवाजमा पेट्रोल पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत पुढच्या रात्रीपर्यंत उभा, आणि पोलिसांनी दिलेली तारीख गेली ती वेगळीच. तेव्हापासून मी निघायच्या आधी तीन-चार दिवसांत दुपारच्या उन्हात सगळ्या तारा परत मोजतो. रस्त्यावर नवीन डांबराचा थर पडला असला तर पुलाखालची आणि साइनबोर्डच्या गॅन्ट्रीखालचीही उंची कमी झालेली असते, म्हणून बोर्डावर लिहिलेली उंची धरायची नाही, आपण मोजायची, तेही मधे नाही तर लेनच्या दोन्ही कडांना, कारण रस्ता एका बाजूला उतरता असतो आणि सगळ्यात कमी जागा कडेलाच सापडते. काँक्रीटच्या खाली मी कमीत कमी 15 सेंटीमीटर ठेवतो.

वळणं मोजताना रस्त्याची रुंदी मोजून भागत नाही. पुलरसकट आपली गाडी 28 मीटरच्या आसपास होते, हायड्रॉलिक एक्सल वळतात आणि मागून स्टिअरिंग करणारा ऑपरेटर वेगळा असतो, त्यामुळे एवढ्या लांबीचा साधा ट्रेलर जिथे अडकेल तिथेही ती वळते. पण मधला भाग आतल्या बाजूला किती येतो आणि मागची शेपूट बाहेर किती फिरते हे कागदावर काढूनच बघायला लागतं. शिक्रापूरला चाकणकडून येऊन पुण्याकडे उजवीकडे वळायचंय. तिथे सिग्नलचे खांब, दुभाजकाची तोंडं, कडेच्या टपऱ्या, उभ्या केलेल्या गाड्या हे सगळं स्केलवर काढा, त्यावर ट्रेलरचा मार्ग टाका आणि ज्या वस्तू आत येतात त्यावर लाल खूण करा. दुभाजक थोडा काढायचा असेल तर रस्त्याच्या मालकाची लेखी परवानगी आणि परत बांधून द्यायची हमी लागते. कच्च्या कडेवर चाक जाणार असेल तर तिथे स्टील प्लेट टाकायच्या, आणि त्या प्लेटखालून पाण्याची लाइन किंवा गटार जात नाही ना हे गावातल्या माणसाला विचारून घ्या, नकाशात ते नसतं.

पूल

या रस्त्यावर मला सगळ्यात जास्त वेळ पुलांना लागतो. मोठा पूल सगळ्यांना दिसतो, कोरेगाव भीमाला भीमेचा पूल आहे तो कोणी विसरत नाही, पण रस्त्याखालच्या ओढ्याच्या मोऱ्या कारमधून जाणवतच नाहीत. प्रत्येक मोरी उतरून खाली जाऊन बघा. दगडी कमान आहे का, स्लॅब आहे का, पाइप असेल तर त्याच्यावर माती किती आहे, स्लॅबच्या खालच्या बाजूला सळ्या उघड्या पडल्यात का, गंजाचे तपकिरी ओघळ आलेत का, आडव्या भेगा आहेत का. मोठ्या पुलाला बेअरिंग कुजलेत का आणि एक्स्पान्शन जॉइंट एका बाजूला खचलाय का ते बघा. यातलं काही दिसलं तर फोटोसकट पुलाच्या इंजिनिअरकडे, स्वतः निर्णय घ्यायचा नाही.

वजनाचा हिशोब मात्र तुम्हाला समजला पाहिजे. आपल्या ट्रेलरच्या दोन रो मधलं अंतर दीड मीटर धरा, दहा रो म्हणजे साधारण 15 मीटरवर 142 टन, मीटरला साडेनऊ टनाच्या आसपास. 10 मीटर स्पॅनच्या, म्हणजे दोन आधारांमध्ये 10 मीटर अंतर असलेल्या पुलावर एका वेळी सहा-सात रो उभ्या राहतील, म्हणजे 95 टनाच्या घरात. आपल्याकडचे बरेच हायवेचे पूल इंडियन रोड काँग्रेसच्या 70आर लोडिंगवर डिझाइन केलेले असतात, त्यातली चाकांची गाडी 100 टनांची आणि पहिल्या एक्सलपासून शेवटच्या एक्सलपर्यंत 13.4 मीटरची असते. शिवाय छोट्या स्पॅनला धावत्या गाडीच्या धक्क्यासाठी 25 टक्के जास्त धरलेले असतात. आता स्पॅन 20 मीटरचा झाला की आपली सगळी 142 टनं त्याच्यावर एकदम येतात आणि तिथे 100 पेक्षा आपण बरेच वर जातो.

मग परमिशन मिळते कशी? त्याचं उत्तर परमिशनच्या अटींमध्येच आहे. पुलावर ताशी 5 किलोमीटर, पुलाच्या बरोबर मधोमध, दुसरी एकही गाडी पुलावर नाही, पुलावर ब्रेक नाही, गिअर बदलणं नाही, थांबणं नाही. मुंगीच्या गतीने गेलं की धक्क्याचं जास्तीचं वजन येत नाही, मधोमध गेलं की सगळ्या गर्डरना वाटून जातं, दुसरी गाडी नसली की डिझाइनमध्ये तिच्यासाठी ठेवलेली ताकद आपल्याला मिळते. इंजिनिअर याच अटी धरून हिशोब करतो आणि त्यावर पूल पास करतो. म्हणून ड्रायव्हरने पुलावर एकदा जोरात ब्रेक मारला किंवा मागून एक भरलेला डंपर घुसला की ज्या हिशोबावर पूल पास झाला तो हिशोबच राहत नाही. हे ड्रायव्हरला, ऑपरेटरला आणि दोन्ही टोकांना उभ्या राहणाऱ्या पोरांना या शब्दांत समजावून सांगा, नुसतं हळू चालव म्हणून उपयोग नाही.

पूल पास होत नाही तेव्हा लोक म्हणतात दोन रो वाढवा. मोरीसाठी हे बरोबर आहे, बारा रो केल्या तर एकूण 150 टन होतं पण एका रो वर साडेबारा येतं. मात्र 40 मीटरच्या वगैरे स्पॅनवर सगळी गाडी मावतेच, तिथे काही फायदा होत नाही, उलट 8 टन जास्त वजन बेअरिंगवर आणि पिअरवर जातं. त्यामुळे रो वाढवायच्या का हे कुठला पूल अडतोय त्यावर ठरतं. त्याशिवायचे मार्ग म्हणजे मोरीवर स्वतंत्र लोखंडी गर्डर टाकून वरून जाणं, किंवा उन्हाळ्यात ओढ्याच्या पात्रात पाइप आणि मुरूम टाकून बाजूने कच्चा रस्ता करणं, आणि या दुसऱ्यासाठी पाऊस लागायच्या आत काम संपलं पाहिजे, नाहीतर रस्ता वाहून जातो.

परमिशन आणि ई-वे बिल

आता अर्ज. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ऑनलाइन ओडीसी परवानगी, त्यात गाडीचं कॉन्फिगरेशन, प्रत्येक रो वरचं वजन, मार्ग आणि ट्रेलर-पुलरचे कागद लागतात. राज्याच्या रस्त्याला पीडब्ल्यूडी, गावातल्या आतल्या रस्त्याला जिल्हा परिषद किंवा जी संस्था असेल ती. रस्ता महामार्ग असला तरी प्रत्यक्ष ताबा कोणाकडे आहे ते वेगळं विचारून घ्या, काम चालू असेल तर कॉन्ट्रॅक्टरच्या साइट इंजिनिअरला पण भेटा, त्याने उद्या खोदाई काढली तर तुमचा सर्व्हे वाया. अर्जात जो ट्रेलर नंबर आणि ज्या रो लिहिल्या तोच सेट आणायचा, ऐनवेळी दुसरा आणला तर हातातली परमिशन त्या गाडीची नसते.

पोलिसांकडे मात्र नवीन माणूस हमखास चुकतो. चाकण पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, शिक्रापूर पुणे ग्रामीणमध्ये आणि लोणीकंद पुणे शहर आयुक्तालयात. एकाचं पत्र दुसऱ्याला चालत नाही. तिघांनाही एकच तारीख, एकच वेळापत्रक आणि हद्द कुठे बदलते तिथला अंदाजे वेळ लिहून द्या, म्हणजे एका हद्दीची एस्कॉर्ट गाडी परत फिरायच्या आधी पुढची येऊन उभी असते. तारीख निवडताना कॅलेंडर काढून बसा. 1 जानेवारीला पेरणे फाट्याला जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि नगर रोडची वाहतूक वळवलेली असते, त्याच्या आगेमागे तारीख मागूच नका. आषाढीच्या पालख्यांचा बंदोबस्त आणि गणपतीच्या दिवसांत पोलीस मिळत नाहीत आणि रस्त्यावर कमानी उभ्या असतात. ऊस चालू असेल तर रात्री ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या बिनदिव्याच्या पुढे येतात, त्याची पण तयारी ठेवा.

ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद, साधं वाटतं पण त्यात दंड बसतो. नेहमीच्या मालाला एका दिवसाला 200 किलोमीटर मिळतात, ओडीसीला 20 किलोमीटरला एक दिवस. म्हणजे कारखान्यापासून 560 किलोमीटर असतील तर 28 दिवस. पण हे तेव्हाच, जेव्हा बिल बनवताना गाडीचा प्रकार ओडीसी निवडलाय. कारखान्याचा क्लार्क सवयीने रेग्युलर निवडतो, 560 ला तीन दिवस मिळतात आणि गाडी अजून गुजरातमध्येच असताना बिल संपतं. निघतानाच बिल हातात घेऊन तारीख वाचा. उशीर झाला तर मुदत संपायच्या 8 तास आधीपासून संपल्यानंतर 8 तासांपर्यंत वाढवून घेता येते, ते काम एका माणसाच्या नावावर ठेवा.

एस्कॉर्ट आणि रात्र

45 किलोमीटर मी दोन रात्रींत धरतो, चाकण ते शिक्रापूर एक आणि शिक्रापूर ते लोणीकंद एक. समजा पोलिसांनी 11 ते 5 दिलं, तर सहा तासांतले चौकात दीड तास जातात, प्रत्येक पुलाला वीस-पंचवीस मिनिटं, उरलेल्या वेळात ताशी 8-10 चा वेग. घाईचं वेळापत्रक दिलं तर ते फसतंच. एमआयडीसीच्या शिफ्ट सुटायच्या वेळा आधी कंपन्यांच्या गेटवर विचारा, रात्रीची शिफ्ट सुटली की बसेसची रांग लागते.

पुढे साधारण अर्ध्या किलोमीटरवर उंचीच्या दांड्याची पायलट गाडी, दांडा 5.55 ला सेट केलेला, म्हणजे गाडीच्या उंचीवर 15 सेंटीमीटर, आणि तो फायबरचा असू द्या, तरीही शटडाऊनच्या यादीतल्या तारेखाली तार बंद झाल्याचा निरोप आल्याशिवाय ती गाडीही न्यायची नाही. मग पोलिसांची गाडी, मग पुलर आणि ट्रेलर, ट्रेलरबरोबर दोन्ही बाजूंनी चालणारे हेल्पर, मागे स्टिअरिंगचा ऑपरेटर, त्याच्या मागे महावितरणचे लोक आणि टूल व्हॅन, आणि सगळ्यात शेवटी लाल दिव्यांची मागची पायलट. वॉकीटॉकीवर थांब म्हणायचा अधिकार सगळ्यांना, चल म्हणायचा फक्त एकाला. हा नियम पहिल्या रात्रीच्या आधी सगळ्यांना जमवून सांगा.

दर 5-7 किलोमीटरला थांबायची जागा सर्व्हेतच ठरवून ठेवा, जिथे 28 मीटरची गाडी पूर्ण रस्त्याबाहेर जाईल आणि जमीन टणक असेल. मागे ट्रक अडकले की ड्रायव्हर लोक चिडून बाजूने घुसतात, तिथेच अपघात होतो, त्यामुळे गाडी बाजूला घेऊन रांग सोडून द्यायची. प्रत्येक थांब्यावर लॅशिंगच्या साखळ्या, टायर, हायड्रॉलिकचं प्रेशर आणि टाकीतल्या गॅसचं प्रेशर बघून वेळेसकट लिहायचं. हायड्रॉलिकच्या एका सर्किटचं प्रेशर बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसलं तर वजन एका बाजूला गेलंय किंवा तेल गळतंय, तसंच पुढे पुलावर नेऊ नका. गॅसचं प्रेशर पहाटेच्या गारव्याने थोडं उतरतं ते ठीक, पण एकसारखं उतरत राहिलं तर गळती आहे आणि आत ओल जाईल, कारखान्याला तेव्हाच फोन.

सबस्टेशनच्या गेटमधून आत गेलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण आतल्या केबल ट्रेंचवरच्या लाद्या एका रो च्या 14 टनासाठी बनवलेल्या नसतात, त्यावर प्लेट टाकल्याशिवाय चाक ठेवू नका, आणि फाउंडेशनजवळची भरावाची माती नुकती टाकलेली असेल तर आधी रोलर मारून घ्यायला सांगा. मग साखळ्या सोडायच्या आधी साइट इंजिनिअर, कारखान्याचा माणूस आणि आपण तिघांनी मिळून टाकीवरचे दोन्ही इम्पॅक्ट रेकॉर्डर वाचायचे. कारखान्याने दिलेल्या मर्यादेपेक्षा, जी बहुतेक वेळा 3 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिपटीच्या आसपास असते, मोठा धक्का नोंदला गेला असेल तर त्याची तारीख आणि वेळ आपल्या थांब्यांच्या वहीशी जुळवून बघा, कुठल्या किलोमीटरला झालं ते कळतं, आणि टाकी आतून तपासल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. रेकॉर्डर ठीक असतील तर तिघांच्या सह्या, गॅसच्या प्रेशरची नोंद, आणि मगच पहिली साखळी सोडायची.